कणगीतलं भात आणि शेतातलं भात

मृगाच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारपेठेत बियाण्यांच्या दुकानांपुढे दोन तऱ्हेची माणसं उभी असतात. कुंडीत लावायला मेथी-कोथिंबिरीची पाकिटं घेणारे सोसायटीवाले एकीकडे आणि येऊरच्या पाड्यांवरून, घोडबंदरच्या पलीकडून आलेले, अजूनही एखाद्या तुकड्यात भात लावणारे दुसरीकडे. औषध चोळलेल्या बियाण्याचा उग्र वास, गोणपाटाची धूळ आणि पाऊस पडेल-पडेल अशी कोंडलेली हवा. अशाच एका गर्दीत एका म्हाताऱ्या बाईंनी पदराची गाठ सोडली आणि मूठभर भात गल्ल्यावर ओतलं. गेल्या वर्षीचं, घरच्या कणगीतलं. दुकानदाराला म्हणाल्या, ‘‘बघ रं, ह्ये पेरायचं का नाय?’’ त्याने दोन दाणे नखाने दाबले आणि म्हणाला, ‘‘मावशी, भिजत घाला. उगवलं तर बियाणं, नाही तर तांदूळ.’’ बाई उखडल्या. ‘‘उगवल्यावर तुला कशाला इचारीन? आत्ता सांग, याच्यात दम हाय का नाय!’’ दुकानदार हसला, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाईंनी भात पुन्हा गाठीत बांधलं.

हे भांडण मला घरापर्यंत पुरलं, कारण ते हजार वर्षांपूर्वी, जवळजवळ याच शब्दांत, होऊन गेलेलं आहे. एका बाजूला विक्रमशीलेच्या महाविहारातले बौद्ध आचार्य, दुसऱ्या बाजूला मिथिलेचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, आणि मध्ये हाच दाणा: कणगीतला आणि शेतातला. दाण्यात ‘आत्ता’ दम आहे का, या प्रश्नावर बौद्धांनी सगळं जग क्षणिक ठरवलं आणि याच प्रश्नावर नैयायिक उदयनाने त्यांना अडवलं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. क्षणिकवाद म्हटलं की आपल्याकडे लगेच वाहती नदी येते, दिव्याची ज्योत येते, ‘परिवर्तन हा सृष्टीचा नियम’ असा सकाळचा फॉरवर्डही येतो. ठाण्या-कल्याणच्या विहारांत ज्यांनी बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचलेलं आहे त्यांना अनित्यतेचा विचार नवा नाही. सर्व संस्कार अनित्य आहेत, जे घडलं ते मोडणार. पण अनित्य असणं वेगळं आणि क्षणिक असणं वेगळं. माठ कधीतरी फुटेल, हे अनित्यत्व. कुंभारालाही ते मान्य आहे. कट्ट्यावर ठेवलेला, न फुटलेला, कुणी हात न लावलेला माठ मागच्या क्षणी होता तो आता नाही, त्याच्या जागी तसाच दुसरा आहे, हे क्षणिकत्व. ते डोळ्यांना दिसत नाही. दिसतं असं बौद्ध तार्किक म्हणतही नाहीत. बदल पाहून त्यांनी हा सिद्धांत काढलेला नाही, तो अनुमानाने काढलेला आहे. म्हणून त्याची परीक्षाही अनुमान म्हणूनच करायला हवी.

ही अनुमानं दोन. जुनं अनुमान विनाशावरून निघतं. बौद्ध आचार्य वसुबंधूने ते आपल्या अभिधर्मकोशात मांडलेलं आहे: नाश हा अभाव आहे, आणि अभावाला कारण कसलं? कारण भावरूप गोष्टीला असतं. तेव्हा वस्तू नाश पावते ती स्वभावानेच. आणि स्वभावच तसा असेल तर ती दुसऱ्या क्षणापर्यंत थांबेल कशासाठी? हातोडीने माठ फुटतो असं आपण म्हणतो, पण त्यांच्या लेखी हातोडी खापऱ्या जन्माला घालते, माठ आपापला गेलेलाच असतो. हा युक्तिवाद देखणा आहे, पण ‘नाशाला कारण नसतं’ हे पहिलं पाऊलच नैयायिक टाकू देत नाहीत, आणि मग गाडी तिथेच रुतते. सातव्या शतकात बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने दुसरी वाट पाडली. त्याने नाशाकडे पाहणं सोडलं आणि ‘असणं’ कशाला म्हणायचं तिथून सुरुवात केली. ही वाट पुढे पक्की केली ती अकराव्या शतकाच्या आगेमागे विक्रमशीलेच्या ज्ञानश्रीमित्राने आणि त्याचा शिष्य रत्नकीर्ती याने. (त्याच सुमारास, 1009 आणि 1021 साली, येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत काही पारशी मंडळी येऊन पहलवीत आपली नावं कोरून गेली. लेण्यांत तोवर बहुधा वर्दळ ओसरली होती. तिकडे गंगेकाठी मात्र वाद भरात होता.)

धर्मकीर्तीचं म्हणणं असं की जे काही करू शकतं तेच खरोखर आहे. याला अर्थक्रियासामर्थ्य म्हणतात. यात ‘उपयोगी पडणं’ एवढंच अभिप्रेत नाही. दगड कुणाच्या उपयोगी पडत नसला तरी तो आहे, कारण तो खालचं गवत दाबतो, उन्हात तापतो, कुणी पाहिलं तर त्याच्या मनात ज्ञान उपजवतो. आणि काहीच नाही तरी पुढच्या क्षणीचा दगड निर्माण करतो. सशाचं शिंग यातलं काहीही करत नाही. एखादी गोष्ट आहे, पण तिच्या असण्याने कुठेही, कशातही, कसलाच फरक पडत नाही, असं कुणी म्हणालं तर ती आहे आणि ती नाही या दोन म्हणण्यांत फरक काय उरला? ही व्याख्या साधी वाटते, आणि बहुतेक विरोधक तिथे फारसे अडतही नाहीत. ज्याने अडायला हवं तो इथूनच मान डोलावत पुढे जातो आणि पुढच्या पावलाला सापडतो.

इथेच म्हातारीचं आणि दुकानदाराचं एक अर्धं उत्तर मिळतं. ज्या दाण्याला कणगीतच उंदराने खाल्लं, तो कधी उगवलाच नाही. मग तो नव्हताच का? होता. प्रत्येक क्षणी त्याने पुढच्या क्षणीचा दाणा घडवला, शेवटी उंदराचं पोट भरलं. अस्तित्वाला अंकुरच फुटायला हवा असं नाही, काहीतरी व्हायला हवं. अंकुर हा फक्त आपल्या सोयीचा नमुना, कारण तो दिसतो आणि त्याची वेळ ठरलेली असते.

आता नमुना सावकाश सोडवून बघू. डिसेंबरात मळणी झाली, एक दाणा कणगीत गेला, जूनमध्ये तो राबावर, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, पेरला आणि चार-सहा दिवसांत त्याला कोंब आला. व्यवहारात आपण म्हणतो, दाणा तोच. बौद्ध म्हणतो, ठीक, तोच धरू. मग सांगा, जानेवारीत कणगीत असताना या दाण्यात अंकुर काढायचं सामर्थ्य होतं का? ‘होतं’ म्हणालात तर मग अंकुर का आला नाही? समर्थ असलेली गोष्ट आपलं काम पुढे कशी ढकलते? ‘नव्हतं’ म्हणालात तर जानेवारीचा दाणा असमर्थ आणि जूनचा समर्थ. एकाच वस्तूत दोन विरुद्ध धर्म राहू शकत नाहीत. म्हणून ते दोन दाणे. तिसरी वाट नाही.

साहजिक उत्तर असं, की सामर्थ्य होतं, पण पाणी नव्हतं, ऊब नव्हती, माती नव्हती. सहकारी नव्हते. बहुतेकांना वाटतं की इथे वाद संपला. खरा वाद इथे सुरू होतो.

रत्नकीर्तीच्या बाजूने विचारू: हे सहकारी दाण्याला काही देतात का? पाण्याने दाण्यात काही भर घातली, तिला अतिशय म्हणतात, असं धरलं तर ती भर दाण्याहून वेगळी की दाणाच? दाणाच असेल, तर पाण्याने नवा दाणा जन्माला घातला, जुना राहिला नाही, म्हणजे बौद्धाचंच म्हणणं खरं. वेगळी असेल, तर अंकुर त्या भरीने काढला. दाणा जानेवारीत होता तसाच, निष्क्रिय, बाजूला उभा आहे. शिवाय ती वेगळी भर दाण्याचीच कशावरून? तिचा दाण्याशी संबंध जोडायला आणखी एक भर हवी, तिच्यासाठी आणखी एक, आणि हे संपतच नाही. ‘सहकारी काही देत नाहीत, फक्त सोबत असतात’ असं म्हटलं तर प्रश्न पुन्हा दारात उभा: काहीच देत नाहीत तर दाणा त्यांची वाट का पाहतो?

यातून नित्य किंवा टिकाऊ वस्तूपुढे दोनच मार्ग राहतात. ती आपली कामं एकामागून एक करते किंवा एकदम करते. एकामागून एक करते म्हणावं तर, दुसऱ्या क्षणीच्या कामाचं सामर्थ्य पहिल्या क्षणी होतं का, हा वरचाच पेच. एकदम करते म्हणावं तर सगळं पहिल्याच क्षणी उरकलं, दुसऱ्या क्षणी करायला काही नाही; आणि जे काही करत नाही ते व्याख्येनेच नाही. क्रमाने जमत नाही, एकदम जमत नाही, तिसरा प्रकार नाही. म्हणून टिकाऊ वस्तू काही करू शकत नाही, म्हणून ती नाही. जे आहे ते क्षणिक. हा पेच मुळात ईश्वर आणि आत्मा यांच्यासारख्या नित्य मानलेल्या गोष्टींना घालण्यासाठी फार सोयीचा होता आणि रत्नकीर्तीने ईश्वराच्या सिद्धीचं खंडन करणारा वेगळा ग्रंथही लिहिला. पण त्याचं पातं नित्य वस्तूपाशी थांबत नाही. दोन क्षण टिकणारी वस्तूही त्यातच कापली जाते.

मग बौद्धाच्या हिशेबात राबावर काय घडतं? दाणा ही एक वस्तू नाही, ती क्षणांची रांग आहे, संतान. पाणी हीदेखील रांग, माती ही रांग, ऊब ही रांग. कणगीत दाण्याचा प्रत्येक क्षण स्वतःसारखाच पुढचा क्षण जन्माला घालतो, तेवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो. पेरल्यावर दाण्याचा क्षण, पाण्याचा क्षण आणि मातीचा क्षण मिळून पुढचा क्षण घडवतात, तो किंचित फुगलेला. तो पुन्हा ओल्या मातीसह त्याहून फुगलेला घडवतो. सहकारी एकमेकांना काही देत नाहीत, ते मिळून एक कार्य करतात. असं होता होता एक असा क्षण येतो की ज्याच्यापुढे दाणा नाही, अंकुरच आहे. त्या शेवटच्या क्षणाला कुर्वद्रूप म्हणतात. अंकुराचं कारण खरं म्हणजे तोच. जानेवारीचा दाणा त्याच्या कारणाच्या कारणाचं कारण, फार दूरचा पूर्वज.

क्षण किती मोठा, असं कुणीतरी विचारतंच. अभिधर्मकोशात कोष्टक दिलेलं आहे: 120 क्षणांचा एक तत्क्षण, 60 तत्क्षणांचा एक लव, 30 लवांचा मुहूर्त, 30 मुहूर्तांची अहोरात्र. गुणाकार केला तर दिवसात 64,80,000 क्षण, म्हणजे सेकंदाला 75. आकडा गमतीचा आहे, पण आपल्या युक्तिवादात त्याचं काही काम नाही. इथे क्षण म्हणजे घड्याळाचा तुकडा नव्हे. वस्तू उपजली, तिने आपलं कार्य केलं, इतकाच तिचा काळ. तिला उपजल्यानंतर ‘राहणं’ नावाचा वेगळा मधला टप्पा नाही, एवढंच म्हणायचं आहे.

आता या अनुमानाच्या सांध्याकडे पाहिलं पाहिजे, कारण दगाफटका झालाच तर तो तिथे होतो. ‘जे सत्, म्हणजे जे आहे, ते क्षणिक’ ही व्याप्ती, म्हणजे जिथे एक तिथे दुसरं असतंच असा नियम, सिद्ध करायला उदाहरण लागतं. धूर आणि अग्नीसाठी स्वयंपाकघर दाखवता येतं, कारण तिथे दोन्ही आधीच पाहिलेले असतात आणि वाद डोंगराबद्दल असतो. इथे वाद अस्तित्वात असलेल्या सगळ्याच गोष्टींबद्दल आहे. मग वादाच्या बाहेरचं, दोघांनाही आधीच क्षणिक म्हणून मान्य असलेलं उदाहरण आणायचं कुठून? ज्ञानश्रीमित्राच्या प्रसिद्ध श्लोकात ढग आहे, कारण ढग विरतो हे दिसतं; पण विरणं म्हणजे क्षणाक्षणाला नवं होणं नव्हे, असं नैयायिक म्हणणारच. त्याच काळातला विक्रमशीलेचाच रत्नाकरशांती सरळ म्हणाला की बाहेरचं उदाहरण नकोच, व्याप्ती पक्षाच्या, म्हणजे ज्याबद्दल वाद आहे त्याच्या, आतच पटते, ती अंतर्व्याप्ती. रत्नकीर्तीला ते पुरेसं वाटलं नाही. त्याने उदाहरण म्हणून घट घेतला आणि आधी घटाचंच क्षणिकत्व सिद्ध करून दाखवलं.

त्याची रीत सोपी करून अशी. माठ या क्षणी आत्ताचं पाणी धरून आहे. काल त्याने कालचं पाणी धरलं, उद्या उद्याचं धरेल. आता, या क्षणीच्या माठात कालच्या आणि उद्याच्या कामाचं सामर्थ्य असतं तर त्याने ती कामं याच क्षणी केली असती, कारण जे ज्या वेळी ज्याला समर्थ ते त्या वेळी ते करतंच. हा प्रसंग, म्हणजे विरोधकाच्या म्हणण्यातून निघणारी आपत्ती. मग उलट बाजू: हा माठ या क्षणी कालचं-उद्याचं काम करत नाही, म्हणून त्याला त्याचं सामर्थ्य नाही. हा प्रसंगविपर्यय. कालच्या माठाला कालच्या कामाचं सामर्थ्य होतं, आजच्याला नाही, विरुद्ध धर्म आले, माठ दोन. क्षणाला क्षण लावत गेलं की माठाची रांग होते. आणि एका माठात जे सिद्ध झालं ते माठपणामुळे झालेलं नाही, सत् असण्यामुळे झालेलं आहे; म्हणून ते सगळ्या सत् वस्तूंना लागू. रत्नकीर्तीने हे एकदा अन्वयाने, म्हणजे ‘जे सत् ते क्षणिक’ असं, आणि एकदा व्यतिरेकाने, म्हणजे ‘जे क्षणिक नाही ते सत् नाही’ असं, दोन निबंधांत मांडलं. कलकत्त्याला हरप्रसाद शास्त्रींनी 1910 साली ते छापले. पुढे राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातल्या मठांतून शोधून काढलेल्या पोथ्यांवरून अनंतलाल ठाकूर यांनी पाटण्याला रत्नकीर्तीचे निबंध 1957 साली आणि ज्ञानश्रीमित्राचे 1959 साली प्रसिद्ध केले. म्हणजे मधली कित्येक शतकं भारतात या मताची ओळख मुख्यतः त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच होत राहिली. उदयनाशी हा खटला एकतर्फी वाटायचा तो बराचसा यामुळे.

सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: जे समर्थ ते करतंच.

आत्मतत्त्वविवेक या आपल्या ग्रंथात उदयन याच वाक्याला हात घालतो. तो म्हणतो, तुम्ही एकाच नावाखाली दोन गोष्टी घातल्यात. एक स्वरूपयोग्यता: दाणा दाणा आहे, खडा नाही, यामुळे त्याच्या ठायी असलेली पात्रता. दुसरी प्रत्यक्ष करणं, म्हणजे सगळे सहकारी जुळल्यावर लगेच फळ येणं. कणगीत पहिली आहे, दुसरी नाही. यात विरोध कुठे आला? ‘आहे’ आणि ‘नाही’ एकाच गोष्टीबद्दल बोललेलंच नाही. आणि सहकारी भर घालतात का, या प्रश्नालाही फार भ्यायचं कारण नाही: दाण्याचा स्वभावच असा आहे की सहकारी असताना करायचं, नसताना करायचं नाही. हा एकच स्वभाव, दोन नव्हेत. जानेवारीतही तो तसाच होता.

हे समजून घ्यायला म्हातारीच्या गाठीतलं भात पुन्हा उपयोगी पडतं. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायची शिफारस शेतीखातं आणि विद्यापीठं वर्षानुवर्षं करत आली आहेत. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, म्हणजे तीन टक्क्यांचं द्रावण होतं. त्यात भात ओतून ढवळायचं आणि पाणी स्थिर होऊ द्यायचं. पोकळ, रोगट, अर्धवट भरलेले दाणे वर तरंगतात. ते काढून टाकायचे. तळाचे भरलेले दाणे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायचे, कारण मीठ राहिलं तर उगवणीला मारक, आणि सावलीत सुकवायचे. एकही कोंब न दिसता दुकानदाराला म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं असतं, निदान अर्धं तरी. उदयन खुश झाला असता: पाहा, करण्याआधीच पात्रता ओळखता येते, निवडता येते, तिच्यावर पैसे लावता येतात. बुडालेला दाणा आणि तरंगलेला दाणा दोघांनीही अजून अंकुर काढलेला नाही. तरी शेतकरी एक ठेवतो, एक फेकतो. करणं हेच सामर्थ्य असतं तर दोघेही सारखेच असमर्थ ठरले असते.

बौद्धाकडे याला उत्तर आहे, आणि ते लंगडं नाही. तो म्हणेल, बुडणं हे बुडालेल्या दाण्याचं आत्ताचं कार्य आहे. वजनाने तो आत्ता बुडतो आहे, एवढंच त्याचं सामर्थ्य दिसलं. असे बुडणारे क्षण ज्या रांगेत असतात, त्या रांगेच्या टोकाला, ओल्या राबावर, कुर्वद्रूप क्षण येतो असा आपला आजवरचा अनुभव. शेतकरी दाण्यात लपलेला दम निवडत नाही, तो रांग निवडतो. ‘या बियाण्यात दम आहे’ हे रांगेबद्दलचं भाकीत आहे, दाण्याच्या पोटातल्या कुठल्या जादा वस्तूचं वर्णन नव्हे. मला हे उत्तर आवडतं, कारण बियाणं तपासणारी प्रयोगशाळाही असंच वागते. ती एका दाण्याबद्दल बोलतच नाही. चारशे दाणे शंभर-शंभरच्या चार वाट्यांत उगवायला घालते, भातासाठी चौदाव्या दिवशी शेवटची मोजणी करते, आणि ऐंशी टक्क्यांखाली उगवण गेली तर तो लॉट प्रमाणित होत नाही. पिशवीवरचा टक्का पिशवीतल्या कुठल्याच दाण्याचा नसतो. आणि जे उगवून मोजले ते पेरायला उरत नाहीत.

पण उदयन तिथे सोडत नाही, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत जड घाव हा आहे. तुमची रांग नीट चालते ती कशाच्या जोरावर? भाताच्या रांगेच्या टोकाला भाताचाच अंकुर येतो, नाचणीचा नाही. म्हणजे ‘भातपणा’ हे नियमाचं कारण झालं, आणि तो भातपणा कणगीतल्या दाण्यातही आहे. मग अंकुराचं कारण म्हणून बीजत्व पुरतं. त्यावर कुर्वद्रूप नावाचं, कुणालाही कधी न दिसलेलं, आणखी एक वैशिष्ट्य कशाला? त्यातून ते वैशिष्ट्य मानलंच तर ते कुठे बसवणार? ते भाताच्या काही दाण्यांत आहे, सगळ्यांत नाही; नाचणीच्याही काही दाण्यांत आहे, सगळ्यांत नाही. ना ते भातपणाच्या आत मावतं, ना भातपणा त्याच्या आत. दोन जाती, म्हणजे भातपणासारखे अनेकांत समान असलेले धर्म, असे एकमेकांना आडवे छेदून जाऊ लागले की नैयायिक त्याला सांकर्य म्हणतो आणि असली जात मानत नाही. बौद्ध जातीच मानत नाही, त्यामुळे सांकर्याचा बाण त्याला सरळ लागत नाही. पण ‘न दिसलेलं वैशिष्ट्य’ हा बाण लागतो. तो अंकुरावरूनच कुर्वद्रूपाचं अनुमान करतो, आणि कुर्वद्रूपावरून अंकुराचं स्पष्टीकरण देतो. फिरून तिथेच.

वनस्पतिशास्त्र मध्ये आणून हा वाद मिटवायचा मोह होतो. तो आवरावा. दाणा कणगीत गप्प पडून नसतो, तो श्वास घेत असतो, ओल वाढली तर लवकर म्हातारा होतो, म्हणून बियाण्यातली ओल भाताला तेरा टक्क्यांच्या आत ठेवतात. हे ऐकून ‘बघा, सतत बदलतोय, म्हणजे क्षणिकच’ असं म्हणणारे भेटतात. पण सतत बदलणं हे एकाच वस्तूचं बदलणं असू शकतं. नैयायिकाला त्यात अडचण नाही. उलट बाजूनेही गंमत आहे. काही जातींच्या नुकत्या मळलेल्या भाताला पाणी, माती, ऊब सगळं दिलं तरी काही आठवडे कोंब येत नाही. त्याला सुप्तावस्था म्हणतात. सगळे सहकारी हजर, तरी दाणा गप्प. उदयनाचा ‘सहकारी जुळले की करतो’ हा साधा हिशेब इथे थोडा चुकतो आणि त्याला सहकाऱ्यांच्या यादीत दाण्याच्या आतलीच एखादी स्थिती घालावी लागते. ती घातली की बौद्ध विचारणार, ही आतली स्थिती दाण्याहून वेगळी की दाणाच?

‘हा तोच दाणा’ अशी जी ओळख आपल्याला पटते, तिचं काय, असाही प्रश्न नैयायिक आणि मीमांसक दोघेही टाकतात. बौद्ध म्हणतो, सारखेपणामुळे फसता. केस-नखं कापून पुन्हा वाढली तरी ‘तीच’ म्हणता ना? हा भाग ग्रंथांत पानंच्या पानं चालतो, पण ओळखीने ना टिकाऊपणा सिद्ध होतो, ना क्षणिकपणा.

त्याहून बोचणारी अडचण बौद्धांच्या अंगणातलीच आहे आणि विरोधकांनी ती बरोबर हेरली. अर्हताच्या, म्हणजे मुक्त झालेल्या साधकाच्या, परिनिर्वाणाच्या वेळी चित्ताची रांग संपते. त्या रांगेतला शेवटचा चित्तक्षण पुढचा क्षण निर्माण करत नाही. मग त्याने केलं काय? काहीच केलं नसेल तर व्याख्येप्रमाणे तो नव्हता. तो नव्हता तर त्याच्या आधीच्या क्षणाने निर्माण केलं ते काय? काहीच नाही; म्हणजे आधीचाही नव्हता. असं मागे मागे येत सगळी रांग उसवते, आणि निर्वाणाला गेलेला माणूस मुळात कधी जन्मलाच नव्हता असं होऊन बसतं. यावर बौद्धांकडून एक उत्तर असं येतं की त्या क्षणाने निदान दुसऱ्या कुणाच्या, सर्वज्ञ बुद्धाच्या, ज्ञानाचा विषय होण्याचं काम केलं. आपल्या रांगेत नाही तर परक्या रांगेत त्याने फरक पाडला. महायानी आणखी एक वाट काढतात: बुद्धाची करुणेची रांग थांबतच नाही, म्हणून शेवटचा क्षण असा नाहीच. पहिल्या उत्तरात एका क्षणाचं अस्तित्व दुसऱ्याच्या पाहण्यावर टेकतं. दुसऱ्यात निर्वाणाचा अर्थच बदलतो. पण समर्थ असेल ते करतंच, हे वाक्य मात्र दोन्ही उत्तरांत कुणी सोडत नाही.